मीटिंगला बोलावत नाहीत, वर टोमणे: हा सगळा प्रकार कागदावर कसा आणायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कारखान्यांत आणि पतसंस्थांत काम करणाऱ्या बऱ्याच जणींच्या तक्रारी वरिष्ठांकडे जाण्याआधी माझ्या हातात आल्या. बहुतेकींचा मजकूर एकाच साच्याचा असतो: "मला सतत कमी लेखलं जातं, महत्त्वाच्या बैठकांना बोलावत नाहीत, बाई म्हणून टोमणे मारतात." यातलं अक्षरही खोटं नसतं. तरीही ती तक्रार पाच मिनिटांत उडते. समोरचा म्हणतो, "एखाद्या वेळी निरोप राहिला असेल, आणि बोलणं म्हणाल तर गमतीचं होतं." तारीख नाही, नेमके शब्द नाहीत, बरोबरीच्या पुरुषांना बोलावलं होतं की नाही तेही नाही. मग पुढे बोलायला काही उरत नाही.

एकेक प्रसंग सुटा घेतला तर प्रत्येकाला काहीतरी साधं कारण देता येतं. सगळे ओळीने मांडले की तीच कारणं टिकत नाहीत. हे ओळीने मांडणं कसं करायचं, ते खाली टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे.

उदाहरण एकच घेते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इन्चार्ज असलेल्या बाईंचं. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि तपशील बदलले आहेत, प्रकार तोच ठेवला आहे. दर सोमवारी तिथे रिजेक्शनची, म्हणजे नापास झालेल्या मालाची, मीटिंग होते. मोल्डिंग, मेंटेनन्स, स्टोअर आणि क्वालिटी असे चार इन्चार्ज एकाच पायरीवरचे, त्यांना बोलावणारे प्रॉडक्शन मॅनेजर. २४ जुलैला या बाईंनी पंप हाउसिंगचा एक लॉट थांबवला, कारण मशीनिंगनंतर कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेल्या हवेची भोकं, उघडे पडत होते. लॉट थांबला, डिस्पॅच चुकला आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

## सुरू करण्याआधी: काय दाखवायचं आहे ते एका वाक्यात लिहा

वही उघडायच्या आधी एक वाक्य तयार करा. त्यात तीन गोष्टी याव्यात: कधीपासून, कोणाच्या तुलनेत, आणि बाई असण्याचा संबंध कुठून दिसतो. आपल्या उदाहरणातलं वाक्य असं होतं:

"२४ जुलैला मी लॉट थांबवल्यानंतर सोमवारच्या मीटिंगला माझ्या बरोबरीच्या तिन्ही इन्चार्जना बोलावलं जातं, मला बोलावलं जात नाही, आणि मी विचारलं की मी बाई आहे यावरून उत्तर मिळतं."

हे वाक्य जमत नसेल तर कुठला धागा हातात नाही ते तिथेच कळतं. "कोणाच्या तुलनेत" हा भाग बहुतेकींकडे नसतो. तो नसेल तर समोरचा म्हणेल की त्या मीटिंगला इन्चार्ज लोकांना बोलावतच नाहीत, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

सावधान: "ऑफिसात सगळेच असे आहेत" असं लिहू नका. एक माणूस, एक बैठक, एक कालावधी धरा. तिघांविरुद्ध सांगायचं असेल तर तिघांच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

## टप्पा १: त्याच दिवशीची नोंद

पानांवर आकडे छापलेली, शिवलेली वही घ्या. सुटी पानं आणि स्प्रिंगची वही नको, कारण पान मागाहून घातलं असा संशय घ्यायला जागा राहते. वही घरी ठेवा, कारखान्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. प्रसंग घडला त्याच रात्री लिहा आणि खाली लिहिण्याची तारीख आणि वेळ टाका.

प्रत्येक नोंदीत कधी, कुठे, कोण बोललं, कोण ऐकत होतं आणि नेमके शब्द काय होते एवढं हवं. तुम्हाला काय वाटलं ते लिहायचं असेल तर शेवटी वेगळ्या ओळीत लिहा. नोंदीच्या मजकुरात ते मिसळलं की वाचणारा आधी तेच खोडायला बसतो.

नेमक्या शब्दांवर आपल्या भागात विशेष लक्ष द्यावं लागतं, कारण एकाच शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही चालतात. टोमणा ज्या भाषेत आला त्याच भाषेत लिहा. तो कन्नडमध्ये आला तर ऐकला तसा देवनागरीत उतरवा आणि खाली अर्थ लिहा. या बाईंच्या वहीतल्या दोन नोंदी पाहा.

"२५ जुलै, सकाळी साधारण ११. मोल्डिंग शॉप, दुसऱ्या मशीनजवळ. प्रॉडक्शन मॅनेजर मला म्हणाले: 'वैनी, मालाचं आम्ही बघतो, तुम्ही आपलं रजिस्टर भरा की.' मोल्डिंग इन्चार्ज आणि दोन ऑपरेटर शेजारी उभे. ऑपरेटर हसले. लिहिलं २५ जुलै, रात्री ९.३०."

"१८ ऑगस्ट, दुपारी ३. मीटिंग रूमच्या दारात. मी सँडमधल्या ओलाव्याचे आकडे दाखवत होते. मॅनेजर मेंटेनन्स इन्चार्जना म्हणाले: 'हेण्मक्कळिगे एन गोत्ताग्तद.' अर्थ: बायकांना काय कळतंय. लिहिलं १८ ऑगस्ट, रात्री १०."

पहिल्या नोंदीबद्दल एक सांगते. आपल्याकडे "वैनी", "अक्का", "ताई" ही हाक मानाचीही असते. नुसत्या हाकेवर तक्रार उभी केली तर तक्रार तपासणाऱ्या समितीतले लोक हेच म्हणतील आणि त्यांचं चूक नसेल. हाकेच्या पुढे काय बोललं गेलं ते महत्त्वाचं. शिवाय त्याच शॉपमध्ये बरोबरीच्या पुरुषांना "इन्चार्ज साहेब" म्हणतात आणि तुम्हाला कामाच्या जागी "वैनी", तर तो फरक लिहा.

गोड भाषेतलं बोलणं नोंदीतून सुटतं, तेही सोडू नका. ४ ऑगस्टला या बाईंनी मीटिंगला का बोलावलं नाही असं विचारलं, तेव्हा उत्तर आलं: "अहो, आत सगळी गडीमाणसं, शिव्या-बिव्या होत्यात. तुम्हालाच बरं वाटणार नाही." बाईंनी हे सुरुवातीला लिहिलंच नव्हतं, कारण त्यात अपमान वाटला नाही. सगळ्या वहीतली सर्वांत कामाची नोंद मात्र हीच ठरली. न बोलावण्याचं कारण त्या बाई आहेत हे खुद्द बोलावणाऱ्याच्या तोंडून आलं होतं.

तपासा: नोंद अनोळखी माणसाला वाचून दाखवा. "नक्की काय म्हणाले?" असा प्रश्न त्याने विचारला तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा २: मागचे प्रसंग, जे तेव्हा लिहिले नाहीत

बहुतेक जणी वही घेतात तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. मागचं लिहायला हरकत नाही, पण ते आजच्या तारखेनेच लिहायचं आणि वर "आठवणीतून" असं स्पष्ट टाकायचं. जुनी तारीख घालून नोंद तेव्हाचीच आहे असं भासवलं आणि ते उघडं पडलं, तर बाकीच्या खऱ्या नोंदीही त्याबरोबर जातात.

तारीख आठवत नसेल तर दुसऱ्या कशाला तरी बांधून शोधा. त्या दिवशी भट्टीच्या कुठल्या हीटचा माल होता, कुठला ऑडिट होता, गेट पास कधीचा होता, कोणाला व्हॉट्सॲपवर "आज परत तसंच झालं" असं लिहिलं होतं. मैत्रिणीला किंवा नवऱ्याला त्या संध्याकाळी पाठवलेला असा एक ओळीचा मेसेज जपून ठेवा. तो तेव्हाचाच असतो आणि त्यावर वेळ असते.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर मेसेज फोनमधून काढू नका आणि ग्रुपमधून बाहेर पडू नका. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रत्येक मेसेज त्याच दिवशी साठवा. स्क्रीनशॉट घेताना ग्रुपचं नाव, तारीख आणि मागचे-पुढचे दोन मेसेज दिसू द्या. कापून घेतलेल्या एका ओळीवर कोणी विश्वास ठेवत नाही. स्क्रीनशॉट ही नुसती प्रत आहे, मूळ मेसेज फोनमध्ये राहायला हवा, म्हणून या काळात फोन विकू किंवा रीसेट करू नका.

## टप्पा ३: बैठकांची मोजणी

टोमण्यांच्या नोंदी बऱ्याच जणी करतात, मोजणी जवळजवळ कोणीच करत नाही. वगळलं जाण्याचा प्रकार दिसतो तो मोजणीतूनच.

आधी कालावधी ठरवा आणि त्यात झालेल्या सगळ्या बैठका लिहा, ज्यांना तुम्हाला बोलावलं त्यासुद्धा. फक्त वगळलेल्या लिहिल्या तर एकूण किती होत्या ते कळत नाही, आणि एकूण कळल्याशिवाय "पाच वेळा" म्हणजे फार की थोडं ते कोणी सांगू शकत नाही. मग प्रत्येक बैठकीसमोर बरोबरीच्या प्रत्येकाला बोलावणं गेलं का ते लिहा. बोलावणं मोजायचं, हजेरी मोजायची नाही. मोल्डिंग इन्चार्ज एका सोमवारी रजेवर होते, पण मेल त्यांना गेला होता. म्हणजे बोलावलं असंच धरायचं.

ज्या मीटिंगला गेलाच नाही तिची माहिती कुठून मिळणार? मीटिंगनंतर येणाऱ्या मिनिट्समधून. वर हजर असणाऱ्यांची नावं असतात आणि खाली कोणी काय करायचं ते. या बाईंच्या हाती सर्वांत पक्का पुरावा इथेच लागला. हजेरीत त्यांचं नाव नव्हतं, कामांच्या यादीत मात्र होतं. ज्या माणसाला काम नेमून दिलं त्याचा त्या मीटिंगशी संबंध नव्हता, असं कोणाला म्हणता येत नाही.

तक्ता असा तयार झाला. २४ जुलैच्या आधीच्या ७, १४ आणि २१ जुलैच्या तिन्ही मीटिंगना चौघांनाही बोलावणं होतं. त्यानंतर:

| सोमवार | मोल्डिंग | मेंटेनन्स | स्टोअर | क्वालिटी | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| २८ जुलै | हो | हो | हो | नाही | मिनिट्समध्ये माझ्या नावावर २ कामं |
| ४ ऑगस्ट | हो | हो | हो | नाही | तोंडी उत्तर, वही पान ६ |
| ११ ऑगस्ट | हो | हो | हो | नाही | तपासणीचं प्रमाण बदललं |
| १८ ऑगस्ट | हो | हो | हो | हो | ग्राहकाचा ऑडिटर येणार होता |
| २५ ऑगस्ट | हो | हो | हो | नाही | |
| १ सप्टेंबर | हो | हो | हो | मोजलेली नाही | मी गौरीच्या रजेवर |
| ८ सप्टेंबर | हो | हो | हो | नाही | टोमणा, वही पान १४ |

१ सप्टेंबरची ओळ नीट बघा. बाईंच्या पहिल्या कागदात "सातपैकी सहा मीटिंगमधून वगळलं" असं होतं. त्यांनी तो घाईत एचआरकडे नेला. एचआरने रजेचं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं: त्या दिवशी तर तुम्ही स्वतः रजेवर. खोटं लिहायचा त्यांचा हेतू नव्हता, फक्त लक्षातून गेलं होतं. पण त्या एका ओळीमुळे उरलेल्या पाचांवर त्या दिवशी कोणी बोलायलाच तयार नव्हतं. नंतर तक्ता नव्याने केला: मोजण्यासारख्या सहा, त्यात बोलावणं एका मीटिंगचं, बाकी तिघांना सहाच्या सहा. आकडा लहान झाला, पण तो कोणाला हलवता आला नाही.

तपासा: प्रत्येक "नाही"समोर स्वतःच विचारा की याला साधं कारण असू शकतं का. रजा, शिफ्ट, बाहेरगावचं काम, विषय आपल्या खात्याचा नसणं. असं कारण सापडलं तर ती ओळ मोजू नका, पण तक्त्यातून काढूही नका. शेऱ्यात कारण लिहून राहू द्या.

## टप्पा ४: लेखी विचारणा

इथे बहुतेक जणी थबकतात, कारण वाद वाढेल असं वाटतं. पण विचारणा म्हणजे तक्रार नव्हे. दोन-तीन वेळा बोलावणं चुकलं की एक साधा मेल पाठवायचा. त्यात आरोप नको, विशेषणं नकोत. समोरच्याला चूक सुधारायची संधी द्यायची आणि सुधारली नाही तर त्याचा कागद आपल्याकडे राहायचा. या बाईंनी ५ ऑगस्टला पाठवलेला मेल:

"विषय: सोमवारची रिजेक्शन मीटिंग, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट.
सर, या दोन मीटिंगचं बोलावणं मला आलं नाही. २८ जुलैच्या मिनिट्समध्ये माझ्या नावावर दोन कामं आहेत. निरोप राहून गेला असेल तर पुढच्या सोमवारपासून माझं नाव यादीत घ्यावं. क्वालिटी इन्चार्जला न बोलावण्याचं ठरलं असेल तर त्याचं कारण कळवावं."

याला तीन प्रकारे प्रतिसाद येतो. लेखी कारण आलं तर उत्तम, कारण पुढे ते तपासता येतं. काहीच आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलवर एक ओळ टाकायची आणि थांबायचं. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त घडतो: मॅनेजर मेलला उत्तर देत नाहीत, वाटेत गाठून तोंडी बोलतात. तेव्हा त्याच दिवशी मेल करा: "आज सकाळी आपण सांगितलंत की मीटिंगमध्ये बोलणं जरा मोकळं असतं म्हणून मला बोलावत नाही. मी बरोबर समजले ना?" हा मेल खोडला गेला नाही तर त्या तोंडी बोलण्याला कागदाचं वजन येतं. खोडला गेला तरी बिघडत नाही. मग खरं कारण काय ते त्यांना लिहून द्यावं लागतं.

सावधान: हे मेल कंपनीच्या मेलवरूनच पाठवा. स्वतःच्या खाजगी मेलवर ड्रॉइंग, हीट लॉग, ग्राहकाची कागदपत्रं पाठवू नका. पुराव्याच्या घाईत हे करणारी बाई मीच पाहिली आहे. तिची तक्रार बाजूला राहिली आणि माहिती बाहेर नेली म्हणून तिच्यावरच चौकशी बसली. अशा कागदाचा नंबर, तारीख आणि तो कुठल्या फायलीत आहे एवढंच वहीत लिहा. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कारखान्यातल्या अंतर्गत समितीला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, तक्रारीत तशी मागणी करता येते.

## टप्पा ५: कामावर काय परिणाम झाला ते जोडा

"मीटिंगला नव्हते म्हणून वाईट वाटलं" इथे थांबू नका. न बोलावल्यामुळे कुठला निर्णय तुमच्याशिवाय झाला आणि त्याचं ओझं कोणावर आलं, ते एका प्रसंगापुरतं तरी पूर्ण दाखवा.

११ ऑगस्टच्या मीटिंगमध्ये ठरलं की पंप हाउसिंगचे पाचांतला एक नग तपासायचा त्याऐवजी दहांतला एक तपासायचा. तपासणी क्वालिटीची, पण क्वालिटी इन्चार्ज खोलीत नव्हत्या. त्यांना हे मिनिट्स वाचून कळलं. १२ ऑगस्टला त्यांनी मेल केला की २४ जुलैचा लॉट बघता हे प्रमाण कमी करू नये. उत्तर आलं नाही. ९ सप्टेंबरला ग्राहकाने ब्लोहोलमुळे माल परत पाठवला. १० सप्टेंबरला लेखी खुलासा मागितला गेला तो या बाईंकडून.

या चार तारखा एका परिच्छेदात आल्या की मीटिंगला न बोलावणं ही मानापमानाची गोष्ट राहत नाही. तिच्या नोकरीला थेट धक्का लागल्याचं दिसतं. असा एकच प्रसंग पुरतो. ओढूनताणून पाच जोडले तर चांगला एकही त्यात हरवतो.

## टप्पा ६: तक्रारीचा कागद

आता वहीतलं सगळं उतरवायचं नाही. कागद दोन-तीन पानांचा हवा आणि त्याचा क्रम ठरलेला असावा. सर्वांत वर सुरुवातीला केलेलं एक वाक्य. मग मोजणी: आधी तीनपैकी तीन, नंतर सहापैकी एक, बाकी तिघांना सहापैकी सहा. त्याखाली तारखेने प्रसंग, प्रत्येक दोन-तीन ओळींत, शेवटी जोडपत्राचा क्रमांक. मग कामावरचा परिणाम. मग काय हवं ते: मीटिंगच्या यादीत नाव, १० सप्टेंबरचा खुलासा मागे घेणं, टोमण्यांबद्दल चौकशी. मागणीशिवाय दिलेली तक्रार "नोंद घेतली" म्हणून फायलीत जाते.

टोमणे चार असतील तर चारच लिहा, पण ते न बोलावण्याच्या तारखांमध्ये तारखेनुसार बसवा. वेगळी यादी केली तर वाचणाऱ्याला दोन सुटे विषय वाटतात. ४ ऑगस्टला बोलावलं नाही आणि त्याच दिवशी "गडीमाणसं" हे उत्तर मिळालं, हे एकाखाली एक यायला हवं.

भाषेचं काय करायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. एचआरचं मुख्य ऑफिस बेंगळुरूत, वाचणाऱ्याला मराठी येत नाही, असं अनेकदा असतं. तक्रार कारखान्याचं कामकाज ज्या भाषेत चालतं तीत द्या आणि मराठी प्रत सोबत जोडा. टोमणे मात्र दोन्ही प्रतींत मूळ शब्दांत असू द्या, पुढे अर्थ. "गडीमाणसं" याचं नुसतं "पुरुष सहकारी" झालं की त्यातलं सगळंच गेलं.

साक्षीदारांची नावं लिहिण्याआधी त्यांना विचारा. तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाही जाते, हे त्यांना आधी सांगा. एखादा ऑपरेटर तयार नसेल तर जबरदस्ती करू नका. "दोन ऑपरेटर उपस्थित होते" एवढं लिहूनही भागतं, समिती हजेरीवरून नावं काढू शकते.

## टप्पा ७: कुणाकडे द्यायची आणि किती दिवसांत

इथे चुकीच्या दारात गेलेल्या तक्रारी बऱ्याच आहेत, म्हणून सावकाश वाचा.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी असं सांगतो. पण "बायकांना काय कळतंय" म्हणणं आणि मीटिंगला न बोलावणं, एवढंच घडलं असेल तर ते या कायद्याच्या व्याख्येत बसेलच असं नाही. व्याख्येला लैंगिक स्वरूपाचं बोलणं किंवा वागणं लागतं. तशा बोलण्या-वागण्याबरोबर कामात अडथळा आणणं, अपमानास्पद वागणूक, वाईट वातावरण तयार करणं हे आलं, की तेही त्यात धरलं जातं.

म्हणून वही पुन्हा उघडा आणि लैंगिक अर्थाचं काही आहे का ते पाहा. या बाईंच्या वहीत होतं. ८ सप्टेंबरला मॅनेजर स्टोअर इन्चार्जना त्यांच्यादेखत म्हणाले, "इन्चार्ज कशी झाली, केबिनमध्ये किती वेळ बसते, सगळ्यांना ठाऊक आहे." हे चारित्र्यावर बोलणं आहे. त्यामुळे तक्रार अंतर्गत समितीकडे गेली आणि मीटिंगचा तक्ता त्याच तक्रारीत गेला. असं काही नसेल तर तीच मांडणी तक्रार म्हणून एचआर आणि त्यांच्यावरच्या वरिष्ठांकडे द्या. समितीने "आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत करण्यात जाणारे दोन महिने वाचतात.

समितीकडे जायचं असेल तर मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची आहे. या बाईंचा लैंगिक अर्थाचा प्रसंग ८ सप्टेंबरचा, म्हणजे ८ डिसेंबरच्या आत. पुढचे तीन महिने समिती वाढवून देऊ शकते, पण उशिराचं कारण पटलं तर आणि तेही लेखी नोंदवून. त्यावर विसंबू नका. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते.

कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची चौकशी महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कार्यालयात करा. सीमाभागात इथे हमखास गोंधळ होतो. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, काम कुठे करता ते बघितलं जातं. चंदगडहून रोज उद्यमबागेत येणाऱ्या बाईंची तक्रार बेळगाव जिल्ह्यात. बेळगावहून शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या बाईंची कोल्हापूर जिल्ह्यात. कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्याला किंवा बेंगळुरूला आहे म्हणून तिकडे पाठवतात, तेही बरोबर नाही. प्रत्येक युनिटला स्वतःची समिती असायला हवी.

## टप्पा ८: दिल्यानंतर

पोच घ्या. तुमच्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का. मेलने दिली तरी छापील प्रत देऊन पोच घ्या.

अंतर्गत समितीने सात कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला द्यायची असते, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि चुकली तर त्या दिवशी एक ओळीचा मेल करा. चौकशी चालू असताना तुमची किंवा समोरच्याची बदली किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते, पण त्यासाठी तुम्ही लेखी मागावं लागतं.

"सिद्ध झालं नाही तर उलट माझ्यावरच कारवाई होईल" ही भीती पसरवणारे लोक असतात. पुरावा कमी पडणं आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणं कायद्याने वेगळं ठेवलं आहे. नुसता पुरावा कमी पडला म्हणून कारवाई होत नाही.

तक्रारीची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका. समितीसमोरची माहिती बाहेर देण्यावर कायद्याने बंदी आहे आणि ती तुम्हालाही लागू होते.

वही मात्र बंद करू नका. या बाईंना तक्रारीनंतरच्या पहिल्याच सोमवारी मीटिंगचा मेल आला. त्यांनी तोही तारखेसकट लिहिला, तक्त्यात "हो" घातलं. तिसऱ्या सोमवारी बोलावणं आलं, पण मीटिंग दहाची साडेनऊला घेतली गेली होती. तीही ओळ तक्त्यात गेली, शेऱ्यात वेळेसकट.